फीसाठी ठेव मोडायची की कर्ज काढायचे?

अभियांत्रिकीच्या प्रवेशफेरीची यादी लागते, मुलाला मनासारखे कॉलेज मिळते आणि फी भरायला हातात मोजके दिवस उरतात. मग घरात दोन बाजू पडतात. एक बाजू म्हणते, मुलाच्या डोक्यावर नोकरी लागण्याआधीच कर्ज नको, ठेव मोडून फी भरून टाकू. दुसरी म्हणते, आयुष्यभराची पुंजी आहे ती, तिला हात लावायचा नाही. बँक कर्ज देतेय तर घ्यावे. दोन्ही बाजूंचे म्हणणे मनापासूनचे असते, पण हिशेब कोणीच मांडलेला नसतो. त्यातही एक आकडा हमखास सुटतो. पहिल्या फीचा चेक निघाल्यापासून पहिला हप्ता सुरू होईपर्यंत कर्जावर किती व्याज साचते आणि तेवढ्याच काळात ठेवीवर किती व्याज मिळाले असते, हा तो आकडा.

तो काढण्यासाठी नमुन्यादाखल एक कुटुंब घेऊ. वडील चाकणच्या कारखान्यात सुपरवायझर, वय ४९, घराचे वार्षिक उत्पन्न ११ लाख. मुलाला पुण्यातल्या खासगी कॉलेजात चार वर्षांच्या अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला आहे. फी वर्षाला १ लाख ६० हजार. बँकेत ६ लाखांची मुदत ठेव आहे. शैक्षणिक कर्ज ४ लाखांच्या वर गेले की देशातल्या शिक्षणासाठी बँका साधारण ५ टक्के वाटा पालकांना घालायला सांगतात. म्हणून वर्षाला १ लाख ५० हजार कर्जातून आणि उरलेले १० हजार घरखर्चातून, असे धरू. चार वर्षांचे कर्ज ६ लाख होते. साडेसात लाखांच्या आतल्या कर्जाला बँका सहसा घर किंवा जमीन तारण मागत नाहीत. कर्जाचा दर १० टक्के आणि ठेवीचा साडेसहा टक्के धरला आहे. प्रत्येकाने आपल्या बँकेचे दर घालून हेच गणित पुन्हा करावे.

पाच वर्षांत किती साचते

बहुतेक बँका इंडियन बँक्स असोसिएशनच्या आदर्श योजनेला धरून शैक्षणिक कर्ज देतात. तिच्यात शिक्षणाचा काळ आणि त्यानंतरचे एक वर्ष हप्ता भरावा लागत नाही. या सवलतीच्या काळाला बँकेत ‘मोरेटोरियम’ म्हणतात. हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही, ते खात्यावर चढत राहते. फक्त या काळात ते सरळव्याजाने चढते, म्हणजे व्याजावर व्याज लागत नाही. पुढचा सगळा हिशेब या एका गोष्टीवर उभा आहे.

कर्जही एकदम उचलले जात नाही. दर वर्षी फी भरायची वेळ आली की बँक तेवढी रक्कम थेट कॉलेजला पाठवते. त्यामुळे पहिल्या वर्षीच्या दीड लाखावर पाच वर्षांचे व्याज लागते, म्हणजे ७५ हजार. दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर चार वर्षांचे ६० हजार, तिसऱ्या वर्षीच्या रकमेवर ४५ हजार आणि शेवटच्या वर्षीच्या रकमेवर दोनच वर्षांचे ३० हजार. बेरीज २ लाख १० हजार. मुलगा पदवी घेऊन बाहेर पडून वर्ष झाले की खात्यावर ६ लाखांऐवजी ८ लाख १० हजार दिसतात.

हा आकडा पाहून पालक दचकतात. पण त्याच्याशेजारी दुसरा आकडा ठेवायला हवा. कर्ज घेतले म्हणजे ठेव मोडली नाही, आणि ती या पाच वर्षांत चक्रवाढीने वाढत राहिली. या कुटुंबाने ठेवीतून दर वर्षी दीड लाख काढून फी भरली असती, तर त्या चार रकमा पाचव्या वर्षाअखेर व्याजासह किती झाल्या असत्या? साडेसहा टक्क्यांनी साधारण ७ लाख ५० हजार. नव्या कररचनेत २०२५-२६ या आर्थिक वर्षापासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर भरावा लागत नाही, त्यामुळे या कुटुंबाच्या ठेवीच्या व्याजातून करापोटी काही जात नाही.

म्हणजे एकीकडे कर्जाचे देणे ८ लाख १० हजार, दुसरीकडे वाचलेल्या ठेवीचे ७ लाख ५० हजार. फरक ६० हजारांचा. शिक्षणाच्या काळात कर्जाची खरी किंमत ही एवढी आहे, २ लाख १० हजार नव्हे. दरांत साडेतीन टक्क्यांचे अंतर असूनही फरक इतका कमी राहतो, कारण कर्जाचे व्याज सरळ आहे आणि ठेवीचे चक्रवाढ.

ज्यांना ठेवीच्या व्याजावर २० टक्के दराने कर भरावा लागतो, त्यांच्या हातात उपकर धरून साडेसहाऐवजी सव्वापाच टक्क्यांहून थोडे कमीच पडतात. त्यांच्यासाठी हाच फरक सुमारे ९४ हजारांवर जातो. म्हणून ठेवीच्या जाहिरातीतला दर पाहू नये, कर गेल्यावर हातात येणारा दर धरावा.

हप्ता सुरू झाल्यावर चित्र बदलते

मोरेटोरियम संपला की साचलेले व्याज मुद्दलात मिसळते. आता ८ लाख १० हजार हेच मुद्दल आणि त्यावर दरमहा चक्रवाढीचे गणित. सात वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साधारण १३ हजार ४५० रुपयांचा बसतो. सात वर्षांत बँकेला सुमारे ११ लाख ३० हजार जातात.

याच टप्प्यावर अनेक कुटुंबांचा तोटा होतो. ठेव बँकेत साडेसहा टक्क्यांनी पडून आहे आणि शेजारच्या खात्यात त्याच घरातले कर्ज १० टक्क्यांनी चालू आहे. वर मांडलेल्या कुटुंबाने ठेव न मोडता पूर्ण सात वर्षे हप्ते भरले, आणि दुसऱ्या एका कुटुंबाने ठेवीतून फी भरून पाचव्या वर्षानंतर तेवढाच हप्ता दरमहा साडेसहा टक्क्यांनी साठवला, तर बाराव्या वर्षाअखेर दुसऱ्या कुटुंबाकडे सुमारे अडीच लाख जास्त असतील. पाचव्या वर्षाअखेर ६० हजारांचा असलेला फरक अडीच लाखांवर जातो.

म्हणून ठेव हाताशी असताना कर्ज घेतले, तर ते कधी मिटवायचे हे घेतानाच ठरवावे. तसे करायला मोरेटोरियम संपण्याआधीचा महिना सर्वात योग्य. तोवर सरळव्याजाचा फायदा पुरता मिळालेला असतो आणि साचलेले व्याज अजून मुद्दलात गेलेले नसते. बदलत्या दराचे शैक्षणिक कर्ज मुदतीआधी फेडल्यास बँका दंड लावू शकत नाहीत, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. मुलाला नोकरी लागली नसेल किंवा घरात आजारपण निघाले असेल, तर ठेव राखून हप्ते भरायचीही मोकळीक त्या महिन्यात असतेच. साठ हजारांत खरे तर हीच मोकळीक विकत घेतलेली असते.

वडिलांचे वयही इथे मोजायला हवे. कर्जात ते सहकर्जदार असतात, त्यामुळे मुलाचा हप्ता चुकला तरी बँक त्यांच्याकडेच येते. पाच वर्षांच्या सवलतीनंतर हप्ते सुरू होतील तेव्हा ते ५४ वर्षांचे असतील आणि शेवटचा हप्ता जाईल तेव्हा ६१ वर्षांचे. पगार थांबल्यानंतरही हप्ते चालू राहणार असतील, तर मुदत आधीच कमी करून घ्यावी.

शिकतानाच व्याज भरले तर

बँका पालकांना आणखी एक पर्याय सुचवतात. हप्ता नको, पण चढलेले व्याज महिन्याच्या महिन्याला भरत चला. या उदाहरणात पहिल्या वर्षी महिन्याला १,२५० रुपये, दुसऱ्या वर्षी २,५००, तिसऱ्या वर्षी ३,७५० आणि पुढची दोन वर्षे ५,००० रुपये पडतात. बेरीज तीच, २ लाख १० हजार. पण मोरेटोरियम संपताना मुद्दल ६ लाखच राहते आणि सात वर्षांचा हप्ता १३ हजार ४५० वरून १० हजारांच्या किंचित खाली येतो. एकूण सुमारे ८३ हजार वाचतात. साचलेले व्याज मुद्दलात मिसळल्यावर सात वर्षांत त्यावर जे व्याज चढले असते, ते हे ८३ हजार.

हे कोणासाठी योग्य? ज्यांना कर्ज शेवटपर्यंत हप्त्यांनीच फेडायचे आहे त्यांच्यासाठी. काही बँका शिकतानाच व्याज भरणाऱ्यांना दरात १ टक्क्यापर्यंत सूट देतात. ती मिळत असेल तर फायदा वाढतो. मात्र ती सूट फक्त शिक्षणाच्या काळापुरती आहे की पूर्ण मुदतीसाठी, हे मंजुरीपत्रात लिहून घ्यावे. याउलट, पाचव्या वर्षी ठेवीतून सगळे कर्ज एकदम मिटवायचे असेल आणि दरात सूटही नसेल, तर आधी व्याज भरून काहीच वाचत नाही. सरळव्याज असल्याने ते उशिरा भरले तरी तेवढेच राहते.

कोणत्या पैशाला हात लावायचा

‘बचत’ म्हणून घरात एकच गाठोडे नसते. मुदत ठेव, भविष्य निर्वाह निधी, पीपीएफ, मुलीचे सुकन्या खाते यांचे दर वेगळे आणि करही वेगळा. वरचाच हिशेब प्रत्येकाला लावला की कोणती बचत आधी खर्चायची हे दिसते.

पीपीएफवर एप्रिल २०२०पासून ७.१ टक्के व्याज मिळते आणि ते करमुक्त आहे. फीसाठी पीपीएफमधून पैसे काढण्याऐवजी कर्ज घेतले, तर पाच वर्षांचा फरक सुमारे ४५ हजार येतो. नोकरदाराच्या भविष्य निर्वाह निधीवर २०२४-२५ साठी ८.२५ टक्के दर जाहीर झाला होता. तो दर धरला तर फरक जेमतेम १५ हजारांवर येतो. ८.२ टक्क्यांच्या सुकन्या खात्याचेही तसेच. या हिशेबाने फीसाठी सर्वात आधी मुदत ठेव खर्चावी आणि भविष्य निर्वाह निधीला सर्वात शेवटी हात लावावा. दहा-पंधरा हजारांसाठी निवृत्तीचा निधी रिकामा करण्यात अर्थ नाही, कारण एकदा काढलेली रक्कम त्या दराने परत तिथे ठेवता येत नाही.

मुदत ठेवही सगळी वापरू नये. घरखर्चाचे सहा महिने भागतील एवढी रक्कम या हिशेबातून आधीच बाजूला काढावी. अचानक दवाखान्याचा खर्च आला आणि वैयक्तिक कर्ज काढावे लागले, तर त्याचा दर शैक्षणिक कर्जापेक्षा सहसा बराच जास्त असतो. ठेव मोडून वाचवलेले सगळे तिथे निघून जाते.

निम्मी फी ठेवीतून, निम्मी कर्जातून

बहुतेक मध्यमवर्गीय घरांना परवडणारा मार्ग या दोन टोकांच्या मधला आहे. पहिल्या दोन वर्षांची फी ठेवीतून भरावी आणि शेवटच्या दोन वर्षांसाठी कर्ज घ्यावे. असे केले तर कर्ज ३ लाखांचे आणि पाचव्या वर्षाअखेर त्यावर साचलेले व्याज फक्त ७५ हजार. सगळी फी ठेवीतून भरण्याशी तुलना केली, तर या मार्गाचा जादा खर्च सुमारे २४ हजार येतो. तेवढ्यात ३ लाखांची ठेव पूर्ण पाच वर्षे हाताशी राहते.

क्रम उलटा केला, म्हणजे पहिली दोन वर्षे कर्ज आणि नंतरची दोन वर्षे ठेव, तर तेवढ्याच कर्जावरचे व्याज १ लाख ३५ हजार होते आणि जादा खर्च ३७ हजारांच्या आसपास जातो. घाईत पहिल्या वर्षी कर्ज आणि पुढे जमेल तसे ठेवीतून, असेच बहुतेकांकडून होते. त्याऐवजी बँकेला प्रवेशाच्या वेळीच विचारावे की पूर्ण अभ्यासक्रमासाठी कर्ज मंजूर करून पहिली रक्कम तिसऱ्या वर्षी उचलता येईल का, किंवा तिसऱ्या वर्षी नवा अर्ज करता येईल का. बँकेबँकेत याचे उत्तर वेगळे असते.

ठेवही एकच मोठी ठेवू नये. दीड-दीड लाखांच्या वेगवेगळ्या पावत्या करून प्रत्येकीची मुदत फी भरायच्या महिन्याला संपेल अशी ठेवली, तर मुदतीआधी मोडल्याचा दंड पडत नाही. फीची तारीख एखाद-दोन महिने आधी आलीच, तर ठेवीवर ओव्हरड्राफ्ट घ्यावा. त्याचा दर ठेवीच्या दरापेक्षा साधारण १ टक्का जास्त असतो आणि व्याज वापरलेल्या दिवसांपुरतेच लागते.

उत्पन्न कमी असेल तर उत्तर उलटे येते

आतापर्यंतचा हिशेब ११ लाख उत्पन्नाच्या घराचा होता. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न साडेचार लाखांपर्यंत असेल आणि अभ्यासक्रम व संस्था पात्र असतील, तर मोरेटोरियमच्या काळातले पूर्ण व्याज केंद्र सरकारच्या व्याज अनुदान योजनेतून भरले जाते. मग पाचव्या वर्षाअखेर देणे ६ लाखच राहते, आणि न मोडलेली ठेव मात्र साडेसात लाखांची झालेली असते. अशा घराने पैसे असूनही ठेवीतून फी भरली तर दीड लाखांचे नुकसान आहे.

उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर २०२४च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेली पंतप्रधान विद्यालक्ष्मी योजना पाहावी. यादीतल्या दर्जेदार संस्थांत गुणवत्तेवर प्रवेश मिळालेल्यांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर मोरेटोरियमच्या काळात ३ टक्के व्याजसवलत मिळते. १० टक्क्यांचे कर्ज ७ टक्क्यांवर येते आणि वरच्या उदाहरणात देणे ७ लाख ४७ हजार होते. ठेवीचे साडेसात लाख आणि हे देणे जवळपास सारखेच, म्हणजे पाच वर्षे पैसे हाताशी ठेवण्यासाठी काहीच पडत नाही. मात्र वर्षाला एक लाखच विद्यार्थ्यांना ही सवलत मिळते, तेव्हा ती मिळणारच असे धरून हिशेब करू नये.

त्याच्याही आधी फी किती कमी होते ते पाहावे. महाराष्ट्रात केंद्रीभूत प्रवेशफेरीतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्या आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या खुल्या प्रवर्गातल्या पात्र विद्यार्थ्यांना राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्तीतून शिकवणी शुल्काची निम्मी रक्कम मिळते. आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गातल्या पात्र मुलींना २०२४-२५पासून पूर्ण शिकवणी शुल्क माफ आहे. हे अर्ज महाडीबीटीवर करायचे असतात. कर्जाची रक्कम ही सवलत वजा करून ठरवावी.

आयकरातल्या सवलतीबद्दल थोडे. कलम ८०-ई म्हणून ओळखली जाणारी वजावट फक्त शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर मिळते. तिला रकमेची मर्यादा नाही, पण ती जुनी कररचना निवडणाऱ्यांनाच लागू आहे. शिवाय ती व्याज भरायला सुरुवात केलेल्या वर्षापासून सलग आठ वर्षेच मिळते. शिकतानाच व्याज भरायला घेतले, तर त्या आठांतली पाच वर्षे छोट्या रकमांवर खर्च होतात आणि हप्त्यांच्या काळात तीनच उरतात. जुन्या कररचनेत राहून कर्ज हप्त्यांनी फेडणाऱ्यांनी ८३ हजारांच्या बचतीतून हे नुकसान वजा करून पाहावे.

सरळव्याज खरेच लागते आहे का

हा सगळा हिशेब सरळव्याजावर उभा असल्याने ते खात्यावर तसेच लागते आहे ना, हे तपासणे भाग आहे. काही बिगरबँक वित्तसंस्था पहिल्या महिन्यापासून व्याज भरायला सांगतात, तर काही ठिकाणी न भरलेले व्याज महिन्याच्या महिन्याला मुद्दलात मिसळते. तसे झाले तर पाचव्या वर्षाअखेर ८ लाख १० हजारांऐवजी ८ लाख ५५ हजारांहून थोडे जास्त देणे होते.

ओळखायचे कसे? पहिल्या वर्षाचे खाते-उतारे घेऊन बसावे. १ लाख ५० हजारांवर १० टक्क्यांनी ३१ दिवसांच्या महिन्याला १,२७४ आणि ३० दिवसांच्या महिन्याला १,२३३ रुपये व्याज पडते. दुसरी रक्कम उचलेपर्यंत ३१ दिवसांच्या प्रत्येक महिन्यात तोच आकडा दिसला तर सरळव्याज आहे. तो दर महिन्याला दहा-अकरा रुपयांनी वाढत गेला आणि दर बदललेला नसेल, तर व्याजावर व्याज लागते आहे. तसे दिसल्यास मंजुरीपत्रातली अट दाखवून शाखेत लेखी तक्रार करावी, आणि पोचपावती घ्यावी.

१ ऑक्टोबर २०२४पासून नव्या किरकोळ कर्जासोबत ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बँकांना बंधनकारक आहे. त्यात व्याजाबरोबर प्रक्रिया शुल्क आणि विम्याचा हप्ता धरून वार्षिक दर किती पडतो ते दिलेले असते. विम्याचा एकरकमी हप्ता कर्जातच घातला असेल, तर त्यावरही पाच वर्षांचे व्याज चढते. दोन बँकांची तुलना करताना हाच दर धरावा. सही करण्याआधी शाखेतून तीन गोष्टी लेखी घ्याव्यात: मोरेटोरियममध्ये व्याज सरळ की चक्रवाढ, ते मुद्दलात नेमके कोणत्या तारखेला मिसळणार, आणि शिकतानाच व्याज भरल्यास दरात किती सूट. ती तारीख ठेवीच्या पावतीवरही लिहून ठेवावी आणि शेवटची पावती तिच्या महिनाभर आधी पिकेल अशी मुदत निवडावी.